औषध मारलं होतं, तरी वाळवी आली

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरगाचा पाऊस लागून तीन-चार दिवस झाले होते. कुडाळजवळच्या एका घरातून फोन आला. घर चार वर्षांपूर्वीच बांधलेलं, मालक निवृत्त शिक्षक. काकू फोनवर म्हणाल्या, "अहो, बेडरूमच्या दाराशी सकाळी पंखांचा सडा पडलाय. काल रात्री सगळ्या खिडक्या बंद होत्या. आले कुठून?"

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्यातच उत्तरही होतं. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीचे पंखवाले नर-माद्या जमिनीतून बाहेर पडतात, दिव्याभोवती घिरट्या घालतात आणि थोड्याच वेळात पंख गाळून जोडीजोडीनं जागा शोधू लागतात. अंगणातल्या दिव्याखाली असे पंख दिसले तर काळजीचं फारसं कारण नाही, कोकणात ते दरवर्षीचंच आहे. पण बंद खोलीत चौकटीच्या पायाशी पंख पडले असतील तर ते बाहेरून आलेले नसतात. ते त्याच भिंतीतून किंवा फरशीच्या फटीतून निघालेले असतात. पंख तेवढे उचलून बघावेत. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात. मुंगीलाही याच दिवसांत पंख फुटतात, पण तिचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असतात, शिवाय तिची कंबर बारीक असते.

मी गेलो तेव्हा चौकट वरून नवीकोरी दिसत होती. सागाची चौकट, वर दोन हात ऑइलपेंट. सर म्हणाले, "साग आहे, सागाला वाळवी लागत नाही म्हणतात ना?" सागाच्या गाभ्याचं लाकूड वाळवी सहसा टाळते, हे खरं. पण आजकाल चौकटींमध्ये गाभ्यासोबत सालीकडचा पांढरट भागही येतो आणि तो तिला चालतो. मी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं चौकट खालपासून वर ठोकत गेलो. छातीच्या उंचीवर टणक आवाज आला, गुडघ्याखाली पोकळ. फरशीपासून वीतभर वर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं तर ते रंगाच्या पापुद्र्यातून बोटभर आत गेलं. आतलं लाकूड जवळजवळ संपलं होतं. उरले होते उभे, कागदासारखे पातळ पदर आणि त्यांच्या मधल्या पोकळ्यांना ओल्या मातीचं लिंपण.

हे मातीचं लिंपण महत्त्वाचं. जमिनीतली वाळवी, विदर्भ-खानदेशातली उधई, लाकडातला मऊ भाग खात रेषेरेषेनं वर जाते आणि आपल्या वाटा मातीनं लिंपते. तिचं अंग नाजूक असतं, कोरड्या हवेत ती टिकत नाही. म्हणून जमिनीतली ओल सोबत घेऊन, मातीच्या झाकलेल्या नळीतूनच ती चालते. लाकडाच्या आत माती नसेल आणि खाली खसखशीसारखे कोरडे, कडक दाणे पडलेले असतील, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिचा जमिनीशी संबंध नसतो, त्यामुळे जमिनीत कितीही औषध ओतलं तरी तिला काही होत नाही. आणि खाली गव्हाच्या पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल, लाकडावर टाचणीएवढी गोल भोकं असतील, तर तो भुंगा आहे, वाळवी नाही. या तिघांत गल्लत झाली की पुढचा सगळा खर्च वाया जातो. म्हणून मी पहिला अर्धा तास नुसता बघण्यात घालवतो.

चौकटीच्या मागच्या बाजूला न्हाणीघर होतं. तिथल्या पाइपांच्या डक्टमध्ये बॅटरी मारली तर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोन मातीच्या नळ्या फरशीपासून वर चढलेल्या दिसल्या. त्यातली एक मी दोन बोटं रुंदीची मोडली आणि बाकी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोडलेली जागा ओल्या मातीनं पुन्हा सांधलेली होती. म्हणजे वाट वापरात होती. ही तपासणी कुणालाही घरी करता येते. फक्त उलटा अर्थ काढू नये. नळी सांधली गेली नाही म्हणजे वाळवी गेली असं नव्हे, तिनं दुसरी वाट धरलेली असू शकते.

या जागी बहुतेक लोक जे करतात तेच सरांनीही आधी केलं होतं. दुकानातून फवाऱ्याचा डबा आणून दिसेल त्या नळीवर मारला होता. नळीतल्या शे-दोनशे कामकरी मेल्या, मागच्या थांबल्या आणि बाजूनं नवी नळी निघाली. कामकरी मेल्यानं वसाहतीला धक्का बसत नाही. राणी जमिनीत खोल असते आणि अंडी घालतच राहते.

काकू म्हणाल्या, "पण आम्ही पायाला औषध मारलं होतं हो. बिलसुद्धा आहे." त्यांनी फाइल काढली. बिलावर लिहिलं होतं: अँटी-टर्माइट ट्रीटमेंट, ८६१ चौरस फूट, सोबत पाच वर्षांची हमी. कोणतं औषध, किती पाण्यात, एकूण किती लिटर, यातलं काही नाही. मी विचारलं, "मारताना तुम्ही होतात का?" काकू होत्या. त्यांना नीट आठवत होतं. एक मुलगा पाठीवर पंप घेऊन आला, विहिरीचं पाणी घेतलं, तीन वेळा पंप भरला आणि चहा पिऊन गेला.

आता हिशेब करू, कारण सगळं या हिशेबात आहे. बांधकामाआधी वाळवीसाठी जमिनीला औषध कसं द्यायचं याचं भारतीय मानक आहे, आयएस ६३१३, भाग २. त्याप्रमाणे जोत्याच्या भरावाच्या वरच्या पृष्ठभागाला दर चौरस मीटरला ५ लिटर मिश्रण द्यायचं असतं. सरांचं घर १० मीटर लांब, ८ मीटर रुंद, म्हणजे ८० चौरस मीटर. नुसत्या भरावाला ४०० लिटर लागलं असतं. पाठीवरचा पंप १६ लिटरचा. तो पंचवीस वेळा भरायला हवा होता, भरला तीन वेळा. ४८ लिटरमध्ये ८० चौरस मीटर भराव ओलाही दिसत नाही. वरची धूळ बसते, एवढंच.

आणि भराव हा कामाचा एक भाग झाला. वाळवी सपाट जमिनीच्या मधोमध क्वचित वर येते. ती येते कडेनं, जिथे भिंत आणि भराव एकमेकांना भेटतात, कारण तिथे माती नेहमी थोडी सुटलेली असते. म्हणून भिंतीच्या कडेला उभ्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साडेसात लिटर द्यायचं असतं. त्यासाठी कडेला बोटभर खोल चर काढून, पंधरा-पंधरा सेंटिमीटरवर सळईनं भोकं पाडून मिश्रण खाली जिरवतात. सरांच्या घरात आतल्या बाजूनं सगळ्या भिंती मिळून कड सुमारे ६४ मीटर आणि जोतं ४५ सेंटिमीटर उंच. म्हणजे २१६ लिटर. घराच्या बाहेरून ३६ मीटरच्या परिघाला ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत धरलं तर आणखी ८१ लिटर. पायातल्या कॉलम-बीमच्या बाजूंचा भराव मी यात धरलेलाच नाही, तरी बेरीज जवळजवळ ७०० लिटरवर जाते.

आता डबे मोजायचे. पण मोजण्याआधी औषधाचं नाव विचारायला हवं, नाहीतर प्रामाणिक माणसावर उगाच संशय घेतला जाईल. क्लोरपायरिफॉस २० टक्के हे जुनं, पांढरं दूध होणारं, उग्र वासाचं औषध असेल तर त्याचं एक टक्का मिश्रण लागतं, म्हणजे एक लिटरला १९ लिटर पाणी. ७०० लिटरसाठी मूळ औषध ३५ लिटर. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर एका लिटर पाण्याला फक्त २.१ मिलिलिटर पडतं, म्हणजे तेवढ्याच घराला साधारण दीड लिटर. दोन्ही बरोबर. पण मिश्रण दोन्ही वेळा ७०० लिटरच लागतं. कुणी म्हणालं की "आमचं औषध स्ट्राँग आहे, कमी पाण्यात भागतं", तर ते मानू नका. मिश्रणाचं काम मातीच्या थरात सलग भिजणं आहे. नुसतं तीव्र असून उपयोग नाही, ते सगळीकडे पोचलं पाहिजे.

सलग या शब्दावर मी अडून बसतो. जमिनीतलं औषध म्हणजे घराखाली पसरलेली एक चादर. तिला एक भोक राहिलं तरी वाळवीला पुरतं. मिलिमीटरभर रुंदीचीही फट तिला लागत नाही. सरांच्या घरी चादर आधीच विरळ होती, वर तिला मोठं भोक पडलं होतं. औषध मारून झाल्यावर आठवड्याभरानं प्लंबर आला. संडासाच्या पाइपाचा उतार जमेना म्हणून त्यानं न्हाणीघरातला भराव हातभर खोदला, पाइप टाकला, खालची कोरी माती वर टाकून बुजवला आणि दुसऱ्या दिवशी कोबा पडला. पुढे त्याच जागी ट्रॅपच्या सांध्यातून पाणी पाझरत राहिलं. वाळवीला माती, ओल आणि सागाची चौकट, तिन्ही एका हाताच्या अंतरात मिळाली.

मानकातच लिहिलंय की औषध दिलेली माती नंतर हलवली तर तेवढ्या जागी पुन्हा औषध द्यावं. साइटवर हे होत नाही, कारण औषधवाल्याचं काम संपलेलं असतं आणि प्लंबर वेगळ्या ठेक्यावर असतो. त्यामुळे क्रम असा ठेवावा: आधी जोत्यातून जाणारे सगळे पाइप, मग भराव ठोकून पाणी मारून घट्ट करणं, मग औषध आणि शक्य तितक्या लवकर वरचा थर. भराव इतका घट्ट बसला असेल की मिश्रण जिरत नाही, तर पहारीनं पंधरा-पंधरा सेंटिमीटरवर दोन-तीन इंच खोल भोकं पाडून घ्यावी. पाऊस पडत असताना किंवा माती चिंब असताना औषध देऊ नये, ते जिरण्याऐवजी वाहून जातं. कोकणात विहीर बहुतेक घराला लागून असते. तिच्या बाजूला मिश्रण वाहत जाणार नाही याची काळजी आधी घ्यावी, औषधाचा पंप विहिरीवर धुवू देऊ नये. क्लोरपायरिफॉसचा घरगुती वापर अमेरिकेनं २००० सालापासून जवळजवळ बंद केला. म्हणून त्याला पर्याय असेल तिथे मी पर्याय घेतो आणि काम करणाऱ्या मुलाच्या हातात मोजे नसतील तर काम थांबवतो.

आणखी एक गोष्ट औषधानं सुटत नाही. भरावात सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या, झाडाची मुळं राहिली तर आपणच तिला खाली जेवण वाढून ठेवलेलं असतं. मी एका साइटवर भरावातून टोपलीभर लाकूड वेचून काढलं होतं, तेही गवंडी "काढलं सगळं" म्हणाल्यानंतर.

आता आमिषाच्या डब्यांविषयी. हल्ली पेस्ट कंट्रोलवाले हे सुचवतात आणि लोक विचारतात की जमिनीत विष ओतण्यापेक्षा हे बरं नाही का. त्यामागची कल्पना मला फार आवडते. घराभोवती साधारण तीन-तीन मीटरवर जमिनीत प्लॅस्टिकची भोकाभोकांची नळकांडी पुरतात, आत लाकडाचे तुकडे. वाळवी लाकडाला लागलेली दिसली की लाकडाच्या जागी कागदासारख्या लगद्यात मिसळलेलं औषध ठेवतात. हे औषध लगेच मारत नाही. वाळवीची कात टाकण्याची क्रियाच ते बिघडवतं. कामकरी ते खातात, परत जाऊन तोंडातून तोंडात इतरांना भरवतात आणि ज्याची त्याची कात टाकायची वेळ आली की तो मरतो. लगेच मेले असते तर बाकीच्यांनी ती जागा सोडली असती. उशीर लागतो म्हणूनच औषध वसाहतभर पोचतं. काम पुरतं झालं तर राणीसकट वसाहत संपते, जे जमिनीतल्या औषधाला जमत नाही. तिथे वाळवी अडते, पण कुंपणापलीकडे जिवंत राहते.

मग मी सरांच्या घराला डबे का सांगितले नाहीत? परसात काजूच्या झाडामागे कमरेएवढं वारूळ होतं. वारूळ बांधणाऱ्या वाळवीची तऱ्हा वेगळी असते. ती लाकूड, पालापाचोळा आणून त्यावर बुरशीची बाग लावते आणि ती बाग खाते. पावसाळ्यात वारुळावर जी अळंबी उगवते, जी कोकणात आणि गोव्यात आपण चवीनं खातो, ती याच बागेची. या जातीत खायला फिरणारे कामकरी पूर्ण वाढलेले असतात, ते पुन्हा कात टाकत नाहीत. कात अडवणारं औषध त्यांच्यावर चालत नाही. पिलांपर्यंत पोचलं तरच काही होतं, तेही उशिरा आणि बेभरवशाचं. शिवाय परसात एवढा पाचोळा पडलेला असताना ती डब्यातल्या लगद्याकडे वळेलच असं नाही. डबा काही तिला लांबून बोलावत नाही. चरता चरता ती त्यावर आदळावी लागते.

याउलट माझ्या भावाचा मुंबईतला फ्लॅट. तिसरा मजला, स्वयंपाकघराच्या डक्टमधून नळ्या आलेल्या, कपाटाची मागची फळी खाल्लेली. नळी मोडली तर मोठ्या पिवळट डोक्याचे शिपाई बाहेर आले आणि डिवचल्यावर त्यांच्या कपाळावर दुधासारखा पांढरा थेंब आला. ही कॉप्टोटर्मिस जातीची खूण. ती बुरशी लावत नाही, तिचे कामकरी कात टाकतात आणि आमिष तिला लागू पडतं. तिसऱ्या मजल्यावर औषध द्यायला माती कुठून आणणार? तिथे जमिनीतले नव्हे, तर भिंतीवर चिकटवायचे डबे चालू नळीवरच बसवले. वाळवी तिथे आधीच असल्यामुळे वाट बघायची वेळ आली नाही. दर दोन आठवड्यांनी माणूस येऊन लगदा भरत होता. वहिनींना एकच सांगितलं होतं, की फवारा मारायचा नाही, नळ्या झाडायच्या नाहीत, डब्याला वास येईल असं काही जवळ ठेवायचं नाही. साडेतीन महिन्यांनी डब्यातली हालचाल थांबली. त्या काळात कपाटाचं आणखी नुकसान झालं, हेही सांगायला हवं. आमिष चालू असताना लाकूड खाणं थांबत नाही.

आमिषाचं खरं मोल डब्याला नाही, तपासणाऱ्या माणसाला आहे. जमिनीतले डबे दोन-तीन महिन्यांनी उघडून बघावे लागतात, वर्षानुवर्षं. आपल्या पावसात त्यात पाणी भरतं, मुंग्या घर करतात, अंगणाचं काँक्रीट करताना चार डबे गाडले जातात. तपासणीचा करार संपला की ती जमिनीत पुरलेली रिकामी नळकांडी उरतात. त्यामुळे नव्या बांधकामात जमिनीच्या औषधाऐवजी डबे हा सल्ला मी आपल्या मातीत देणार नाही. नीट केलेलं जमिनीचं औषध आधी, आणि डबे तिथे जिथे माती हाती लागत नाही: वरचे मजले, जांभ्याची जुनी घरं जिथे चिऱ्यांच्या सांध्यासांध्यातून वाटा आहेत, किंवा विहिरीला अगदी चिकटून असलेली भिंत. तिथेही शिपाई बघून, जात ओळखून मगच.

सरांच्या घरी आधी ट्रॅपचा सांधा बदलला. मग बेडरूममध्ये आणि न्हाणीघराच्या बाजूनं, भिंत-फरशीच्या कोपऱ्यात तीस-तीस सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात लिटरभर मिश्रण दाबानं सोडलं आणि भोकं बुजवली. चार बाय तीन मीटरच्या त्या खोलीत ४६ भोकं झाली. फरशीच्या कडा फुटल्या, काकूंना वाईट वाटलं. चौकटीचा खालचा दोन फूट भाग कापून सुतारानं गाभ्याचं लाकूड जोडलं आणि पाय कोब्यात न गाडता कडाप्प्याच्या तुकड्यावर टेकवला. पुढचे दोन्ही पावसाळे घरात पंख पडलेले नाहीत. तरी दर मे महिन्यात डक्टमध्ये बॅटरी मारून बघायचं, असं त्यांना सांगून ठेवलंय.

तुमचं घर बांधायला निघालं असेल तर जोत्यावर कोबा पडण्याच्या आदल्या दिवशी साइटवर स्वतः जा. डबे सीलबंद आले आहेत का ते बघा, नाव वाचा, पंप किती वेळा भरला ते वहीत लिहा आणि बिलावर चौरस फुटांसोबत लिटर लिहून घ्या. कोबा पडल्यावर हे मोजता येत नाही.